चोर पकडला आणि आरोपी झालो: या चुका टाळा

तालुका न्यायालयात फौजदारी वकिली करताना चोराचे वकीलपत्र घेणे मला अवघड वाटत नाही. अवघड वाटते ते चोर पकडणाऱ्याचे. गेल्या पावसाळ्यात असेच एक प्रकरण आले. शिकवणीच्या वर्गाबाहेर, रस्त्यावर उभी असलेली जुनी सायकल घेऊन निघालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तीन-चार जणांनी संध्याकाळी सातला पकडले. सायकल परत मिळाली. तेथेच थांबले असते तर पुढचे काही घडले नसते. पण "आधीच्या सायकलीही यानेच नेल्या असणार" या तर्काने त्याला एका गाळ्यात रात्रभर बांधून ठेवले, कबुलीसाठी मारले, मोबाइलवर चित्रण केले आणि सकाळी दहाला पोलिसांच्या हवाली केले. मनगटाचे हाड मोडलेले होते. माझ्या अशिलाने केवळ गाळ्याची किल्ली दिली होती, तरी त्याचेही नाव गुन्ह्यात आले.

येथील पहिली चूक म्हणजे "चोरी केली, म्हणजे धरून ठेवता येते" हा समज. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 40 खासगी व्यक्तीला अटकेचा अधिकार दोनच प्रसंगी देते: तिच्या समक्ष कोणी दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा, आणि अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्क म्हणून मिळत नाही असा गुन्हा केला तर, किंवा समोरची व्यक्ती न्यायालयाने फरार घोषित केलेली असेल तर. दोन्ही विशेषणे एकत्र लागतात आणि "समक्ष" म्हणजे स्वतःच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातील चित्रण पाहून चेहरा ओळखणे त्यात बसत नाही. त्या सायकलीची किंमत तीन हजारांच्या आसपास होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्यात पाच हजारांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र व जामीनपात्र आहे, आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू परत केली तर शिक्षा समाजसेवेची आहे. उलट हाड मोडणे ही गंभीर दुखापत असून तिला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग सायकल जाऊ द्यायची का? नाही. मालमत्तेच्या बचावाचा हक्क वेगळा आहे. चोराच्या हातातून वस्तू सोडवण्यापुरते आवश्यक तेवढे बळ वापरता येते. मात्र वस्तू परत मिळाली की तो हक्क संपतो, आणि नंतरची प्रत्येक थप्पड हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

दुसरी चूक वेळेची, आणि ती मला अधिक खटकते. अटक कायदेशीर असली तरी त्या व्यक्तीला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते किंवा जवळच्या ठाण्यात न्यावे लागते. सहा तास ही कमाल मर्यादा आहे, चौकशीसाठी मिळालेली सवलत नव्हे. चौकशी, झडती, कबुली ही कामे आपली नाहीत. मारून घेतलेली कबुली खटल्यात उपयोगी पडत नाही, आणि तिचे चित्रण मारणाऱ्यांविरुद्धचा उत्तम पुरावा ठरते. आमच्या प्रकरणात तसेच झाले. मी स्वतः 112 ला फोन करतो, पकडल्याची वेळ कागदावर लिहितो, पाहणाऱ्या दोघांची नावे घेतो आणि त्या माणसाला पाणी देऊन उजेडात बसवतो. अधीर मंडळींना हे नेभळट वाटते.

अपघातानंतर चालकाला कोंडून ठेवणे हीही अशीच चूक. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे दखलपात्र असले तरी सर्वसाधारणपणे जामीनपात्र आहे, त्यामुळे कलम 40 तेथे लागू होत नाही. वाहनाचा क्रमांक टिपावा आणि जखमीकडे पाहावे.

निव्वळ संशयावरून तर कोणालाच अडवू नये. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. त्यांच्यापैकी कोणीही मूल पळवलेले नव्हते.

याउलट काही जण "आपल्याला काय करायचे" म्हणून गप्प राहतात. त्याच संहितेच्या कलम 33 नुसार खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण अशा ठरावीक गुन्ह्यांची माहिती असलेल्याने ती तत्काळ पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना दिली पाहिजे, आणि न देण्यास वाजवी कारण होते हे त्यानेच सिद्ध करायचे असते. साधी चोरी या यादीत नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराबाबत मात्र पॉक्सो कायद्याचे कलम 19 प्रत्येकाला बांधते. माहिती दडवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. "आधी शाळेच्या समितीत खात्री करून घेऊ" हा बचाव मी अनेकदा ऐकला आहे. खात्री करणे तपास अधिकाऱ्याचे काम आहे.

"ही आमची हद्द नाही" असे उत्तर मिळाले म्हणून परत फिरू नये. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. नोंदीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय मी उठत नाही.