हरकत नोंदवताना या चुका टाळा

राजपत्रात नियमांचा मसुदा आला की बहुतेक जण वरची तारीख बघतात आणि तिथून दिवस मोजू लागतात. पहिली चूक इथेच होते. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधल्या नियम 5 प्रमाणे हरकतीचे 60 दिवस सुरू होतात ते मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून. 2020 चा पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा मसुदा घ्या. त्यावर तारीख होती 23 मार्च, पण तो राजपत्रात आला 11 एप्रिलला. पहिल्या तारखेपासून मोजलं तर मुदत 22 मेला संपते, दुसऱ्यापासून 10 जूनला. म्हणजे एकोणीस दिवसांचा फरक! टाळेबंदीमुळे मंत्रालयाने मुदत 30 जूनपर्यंत नेली. मग दिल्ली उच्च न्यायालयाने ती 11 ऑगस्ट केली आणि मसुद्याचा आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये अनुवाद करायला सांगितलं. त्यात मराठीही आली.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक वेळी सुनावणी होईल असं धरून चालणं. मूळ कायद्यात 'पूर्वप्रसिद्धी'ची अट असेल, तर केंद्राच्या नियमांना 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 23 लागतं. त्यात मसुदा प्रसिद्ध करणं, तो कधी विचारात घेणार ती तारीख देणं आणि त्या तारखेआधी आलेल्या हरकतींचा विचार करणं, एवढंच बंधन आहे. तुम्हाला बोलावून ऐकून घेण्याचं किंवा उत्तर पाठवण्याचं बंधन त्यात नाही. म्हणून सगळं म्हणणं त्या एका अर्जातच आलं पाहिजे: कोणत्या खंडाला हरकत, का, आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत. 'मसुदा रद्द करा' एवढीच ओळ लिहिली तर विचार तरी कशाचा करायचा? आणि पोच घ्या, ईमेल केला असेल तर तो जपून ठेवा.

मसुदाच न काढता थेट अंतिम अधिसूचना आली, तर लोक हात टेकतात. ही तिसरी चूक, आणि माझ्या मते सर्वांत महागाची. नियम 5 मध्येच सरकारला 'लोकहितासाठी' नोटीस वगळण्याची मुभा आहे, पण तेवढा शब्द लिहून भागत नाही. 28 मार्च 2020 च्या अधिसूचनेने रस्ते, पाइपलाइन अशा रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती. मसुदा नव्हता, हरकती मागवल्या नव्हत्या. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. नोटीस वगळण्यात कोणतं लोकहित होतं हे अधिसूचनेत कुठेच नव्हतं. शिवाय टाळेबंदी लागून चारच दिवस झाले होते, कामं ठप्प होती, मग घाई कसली, असं न्यायालयाने विचारलं.

तेव्हा अशी अधिसूचना हातात आली की आधी प्रस्तावना वाचा. 'लोकहित' या शब्दापुढे कारण दिलंय का ते पाहा. नसेल, तर ज्या फाइलवर नोटीस वगळायचं ठरलं तिच्यातल्या टिपण्या माहिती अधिकारात मागा.