फॉर्म्युला लांबला की एक्सेल अडतं: मजुरीच्या शीटमध्ये या चुका टाळा

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यांचे हिशोब बघताना एक फॉर्म्युला पुन्हापुन्हा भेटतो. नाव कुणाचंही असो, घडण तीच: प्रत म्हणजे टॉवेलचा साइज कोणता, पीस किती, त्यातले खराब किती, ठरलेल्या आकड्याच्या वर विणले तर वाढीव दर, शेवटी उचल वजा. हे सगळं एकाच सेलमध्ये. सुरुवातीला दोन-तीन प्रती असतात तेव्हा ते छान चालतं. मग मालक नवीन साइज घेतात, हिशोबनीस शेपटीला आणखी एक `IF` जोडतात, आणि एके दिवशी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून फोन येतो, "अण्णा, आठवा टॉवेल घेतच नाही बघा. एंटर मारलं की मेसेज येतोय."

त्या फॉर्म्युल्याची सुरुवात अशी असते. C मध्ये प्रत, D मध्ये एकूण पीस, E मध्ये खराब पीस, F मध्ये उचल, आणि G मध्ये हा फॉर्म्युला:

```
=IF(C2="30x60",IF(D2-E2>300,300*2.4+(D2-E2-300)*3,(D2-E2)*2.4),IF(C2="27x54",...
```

दर आणि मर्यादा इथे समजण्यापुरत्या घेतल्या आहेत.

पहिली चूक: मेसेज न वाचता औषध शोधणं

एक्सेल दोन वेगळ्या कारणांनी अडतं. मेसेजमध्ये nesting असा शब्द असेल तर फंक्शनच्या आत फंक्शन फार खोल गेलंय. फॉर्म्युला फार लांब झालाय असं म्हणत असेल तर अक्षरं जास्त झाली आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

आठव्या प्रतीला अडलं तर आधी खिडकीच्या वरच्या पट्टीत बघा. फाइलच्या नावापुढे Compatibility Mode दिसतंय का? म्हणजे फाइल जुनी `.xls` आहे. एक्सेल २००३ मध्ये बाहेरच्या फंक्शनच्या आत सात पातळ्याच चालत, आणि जुनी फाइल नव्या एक्सेलमध्ये उघडली तरी तीच मर्यादा लागू राहते. वरच्या फॉर्म्युल्यात प्रत्येक प्रत एक पातळी खाते आणि मर्यादेची तपासणी करणारा आतला `IF` आणखी एक. त्यामुळे सातव्या प्रतीपर्यंत गाडी जाते, आठवीला थांबते. फाइल `.xlsx` म्हणून Save As करा, बंद करा, पुन्हा उघडा. नुसतं सेव्ह करून पुढे चालू ठेवलं तर ती त्याच मोडमध्ये राहते, आणि मग "सेव्ह करूनही होत नाही" अशी तक्रार येते.

एक्सेल २००७ पासून ही मर्यादा ६४ पातळ्यांची झाली. लांबीची मर्यादा १,०२४ अक्षरांवरून ८,१९२ वर गेली. खरं दुखणं इथून पुढे सुरू होतं, कारण जागा मिळाली की माणूस ती भरतो.

दुसरी चूक: सगळा फॉर्म्युला दोनदा लिहिणं

लांबी प्रतींमुळे वाढते असं वाटतं, पण हिशोब करून बघा. एका प्रतीला साधारण ६५ अक्षरं लागतात. वीस प्रती झाल्या तरी १,३०० च. मग ८,१९२ ओलांडले कसे?

उचल वजा करून रक्कम उणे जायला नको म्हणून `IF(सगळं-F2<0,0,सगळं-F2)` केलं. "सगळं" दोनदा आलं, २,६०० झाले. एरर दिसायला नको म्हणून `IF(ISERROR(सगळं),"",सगळं)`. झाले ५,२००. शून्य आलं तर सेल रिकामा दिसावा म्हणून आणखी एक `IF`, पुन्हा तसाच. १०,४०० झाले आणि एक्सेलने हात वर केले. प्रत्येक वेष्टनाला लांबी दुप्पट होते, म्हणून कालपर्यंत बिनबोभाट चाललेला फॉर्म्युला एका छोट्याशा बदलाला अडतो.

आपला फॉर्म्युला कितीवर पोचलाय ते बाजूच्या सेलमध्ये मोजता येतं:

```
=LEN(FORMULATEXT(G2))
```

आकडा ८,१९२ च्या आत असूनही कधीकधी अडतं. एक्सेल फॉर्म्युला स्वतःच्या भाषेत साठवतं आणि त्या साठ्याला १६,३८४ बाइटची वेगळी मर्यादा आहे.

तिसरी चूक: मधूनच तोडून `&` ने जोडणं

सात पातळ्यांच्या काळातली ही युक्ती अजून फिरते आहे. पहिल्या सात प्रतींचा एक `IF`, पुढच्या सातांचा दुसरा, जुळलं नाही तर `""`, आणि मध्ये `&`. सेलमध्ये आकडा बरोबर दिसतो. पण `&` मधून बाहेर पडतो तो मजकूर, संख्या नव्हे. खाली `SUM` केलं की बेरीज शून्य. ओळखायची खूण अशी की अलाइनमेंटला हात लावलेला नसताना असे आकडे सेलच्या डाव्या कडेला चिकटतात. संख्या उजव्या कडेला जाते.

`IFS` वापरला तर पातळ्या वाचतात हे खरं. पण ते एक्सेल २०१९ पासूनचं फंक्शन आहे. कर सल्लागाराच्या ऑफिसात जुनं एक्सेल असेल तर तिथे फंक्शनच्या नावाआधी `_xlfn.` लागतं आणि हिशोब पुन्हा चालला की `#NAME?` येतं. `LET` चंही तेच. ते एक्सेल २०२१ पासून आणि ३६५ मध्येच आहे. शिवाय दर फॉर्म्युल्यातच कोरलेले राहतात, आणि दरवाढ झाली की वीस ठिकाणी बोट ठेवत बसा.

मग तोडायचं कुठे?

आतून बाहेर. सगळ्यात आतला, वारंवार येणारा तुकडा आधी काढायचा. इथे तो `D2-E2` आहे. प्रत्येक प्रतीत तीनदा, म्हणजे वीस प्रतींत साठदा. तुकडा नेमकं काय देतो ते बघायचं असेल तर फॉर्म्युला बारमध्ये तेवढाच भाग निवडून `F9` दाबा, उत्तर दिसेल. नंतर `Esc` दाबायचं. एंटर दाबलात तर त्या तुकड्याच्या जागी तो आकडाच कायमचा बसतो.

दुसरं काम दरांचं. `Dar` नावाची वेगळी शीट करा. A मध्ये प्रत, B मध्ये मर्यादा, C मध्ये दर, D मध्ये वाढीव दर. वीस प्रतींच्या वीस ओळी. `IF` ची अख्खी साखळी इथेच संपते. मग मजुरीच्या शीटवर G ला हात न लावता H पासून सहायक कॉलम टाका:

```
H2: =D2-E2
I2: =VLOOKUP(C2,Dar!$A$2:$D$21,2,FALSE)
J2: =VLOOKUP(C2,Dar!$A$2:$D$21,3,FALSE)
K2: =VLOOKUP(C2,Dar!$A$2:$D$21,4,FALSE)
L2: =MIN(H2,I2)*J2+MAX(H2-I2,0)*K2
M2: =MIN(F2,L2)
N2: =L2-M2
```

H ला "चांगले पीस", L ला "मजुरी", M ला "कापलेली उचल", N ला "हाती" अशी शीर्षकं द्या. हेल्पर१, हेल्पर२ अशी नावं दिली तर दोन महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

एक ओळ चालवून बघू. ३०x६० चे ३४० पीस, १२ खराब, उचल २०० रुपये. H मध्ये ३२८. मर्यादा ३००, दर २.४०, वाढीव दर ३. मजुरी म्हणजे ३०० गुणिले २.४० चे ७२० आणि वरच्या २८ पिसांचे ८४, मिळून ८०४. उचल २०० कापली, हाती ६०४. कामगार विचारायला आला की हे सगळं एका ओळीत बोट फिरवून दाखवता येतं. जुन्या सेलमध्ये फक्त ६०४ दिसायचे आणि वाद व्हायचे.

इथेही घसरायच्या जागा आहेत

`VLOOKUP` च्या शेवटचा `FALSE` विसरू नका. तो नसेल तर एक्सेल यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतं, आणि न लावलेल्या यादीतून दुसऱ्याच प्रतीचा दर बिनदिक्कत उचलतं. बहुतेकदा एरर येत नाही, म्हणून हे लवकर सापडतही नाही.

प्रतीचं नाव `12-12` असं डॅशने लिहू नका. एक्सेल ती १२ डिसेंबरची तारीख करतं आणि जुळणी फसते. `12x12` लिहा. नावाच्या शेवटी स्पेस राहिली तरी `#N/A` येतं.

आणि ते `#N/A` झाकू नका. खूप जणांना ते बघवत नाही, लगेच `IFERROR` चढवतात. जुन्या फॉर्म्युल्यात चुकीची प्रत टाइप झाली तर सेल गुपचूप रिकामा राहायचा आणि त्या कामगाराचा पगारच यादीतून गळायचा. आता I मध्ये लाल झेंडा दिसतो आणि खालची बेरीजही अडते. पगार वाटण्याआधी ती अडलेलीच बरी.

कॉलम मध्ये घुसवण्यापेक्षा उजवीकडे टाकायचं कारणही सांगतो. दुसऱ्या शीटवर कुणी या टेबलातून `VLOOKUP` ने सातवा कॉलम उचलत असेल, तर मध्ये कॉलम घातल्यावर तो सात आकडा तसाच राहतो आणि भलतीच माहिती यायला लागते. पसारा नको असेल तर H ते M निवडून `Shift+Alt+→` ने गट करा. वर आलेल्या वजाच्या चिन्हावर क्लिक केलं की ते मिटतात, अधिकच्या चिन्हावर केलं की उघडतात. Hide केलेले कॉलम पुढचा माणूस विसरतो, किंवा रिकामे समजून उडवतो, आणि मग सगळीकडे `#REF!`.

जुना फॉर्म्युला लगेच पुसू नका

O मध्ये फरक काढा:

```
O2: =ROUND(N2-N(G2),2)
```

इथे पहिला `N2` हा सेल आहे आणि `N(G2)` हे फंक्शन. G मध्ये `""` आलं असेल तर थेट वजाबाकी `#VALUE!` देते. `N()` मजकुराला शून्य धरतं. O वर फिल्टर लावून शून्य नसलेल्या ओळी बघा. तिथे नवा फॉर्म्युलाच चुकलाय असं गृहीत धरू नका. वीसपैकी एखाद्या प्रतीचा दर जुन्या साखळीत बदलायचा राहून गेलेला बहुतेकदा इथेच सापडतो.

एक-दोन आठवड्यांचे पगार जुळले की G2 मध्ये फक्त `=N2` लिहून खाली ओढा. G कडे बघणाऱ्या बाकीच्या शीट आणि पगाराच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा चालतात.

एक गोष्ट मात्र फरकाच्या कॉलममध्ये दिसणार नाही. मजुरी ५०० आणि उचल ७०० असेल तर जुना फॉर्म्युला शून्य दाखवून मोकळा व्हायचा, नवाही हाती शून्यच दाखवतो. पण उरलेले २०० कुठे गेले हे जुन्या सेलमधून कळायला मार्गच नव्हता. आता M मध्ये कापलेले ५०० वेगळे दिसतात, तेव्हा P मध्ये `=F2-M2` घालून ती बाकी पुढच्या आठवड्याच्या उचलीत ओढा.