आजारपणामुळे गाण्याचा कार्यक्रम चुकला तर मंडळाला माफीचं पत्र कसं लिहावं

फोन आधीच गेलेला असणार, हे पत्र त्यानंतरचं, दोन-तीन दिवसांत द्यायचं. मायना नेहमीचा, मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी. पहिल्याच वाक्यात कुठला कार्यक्रम, कुठली तारीख आणि क्षमस्व. मंडळाच्या थोर परंपरेचं कौतुक इथे नको.

अवघड आहे तो आजाराचा परिच्छेद. सविस्तर लिहा म्हणजे खरं वाटतं असं बरेच जण सांगतात, ते साफ चूक आहे. एका रविवारची दिवाळी पहाट माझ्याकडून अशीच चुकली, तेव्हा मी दीड पान लिहिलं होतं, ताप किती, गोळ्या कुठल्या, वाफ किती वेळा घेतली. सचिवकाकांचा फोन आला, "ताई, ते सगळं कळलं हो, पण घसा गुरुवारी बसला तर आम्हाला शनिवारी रात्री दहाला का सांगितलंत?" उद्या आवाज सुटेल, उद्या सुटेल करत मी थांबले होते, आणि नेमकं तेच पत्रात नव्हतं. मंडळाचं नुकसान माझ्या आजाराने कमी आणि त्या उशिराने जास्त झालं होतं, शुक्रवारी कळलं असतं तर त्यांनी दुसरा गायक बघितला असता. म्हणून काय झालं, कधी कळलं, कधी कळवलं एवढंच लिहा. मी आता असं लिहीन:

"गुरुवारी घसा बसला. शुक्रवारी डॉक्टरांनी स्वरयंत्राला सूज आहे, आठ दिवस गाणं आणि बोलणं बंद, असं सांगितलं. तरी आवाज सुटेल या आशेवर मी थांबले आणि तुम्हाला शनिवारी रात्री कळवलं. त्यामुळे तुम्हाला पर्यायी गायक शोधायला वेळच मिळाला नाही, याबद्दल मी मनापासून माफी मागते."

तुम्ही वेळेत कळवलं असेल तर तारखा लिहून पुढे जा, उगाच जास्तीचा दोष घेऊ नका. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायचं नाही, मागितलं तर देते एवढं लिहायचं.

अ‍ॅडव्हान्स घेतला असेल तर आधी परत पाठवा आणि मग पत्रात पाठवल्याची तारीख टाका, "परत करेन" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. तबला-पेटीच्या साथीदारांनी ती सकाळ तुमच्यासाठी मोकळी ठेवलेली असते, त्यांचं काय ते तुम्ही त्यांच्याशी ठरवा (मी माझ्या खिशातून देते) आणि मंडळाकडे त्यांचं काही देणं नाही हे लिहून टाका.

"पुढच्या वेळी फुकट गाते" असं भावनेच्या भरात लिहू नका. हॉल आणि साउंडचा खर्च मंडळाला पुन्हा येणारच असतो, त्यामुळे ते त्यांना फुकट पडत नाही, आणि नको म्हणायचीही पंचाईत होते. डॉक्टरांनी गायला परवानगी दिली की तुमच्या सोयीच्या तारखेला यायला आवडेल, मानधनाचं तुम्ही ठरवाल तसं, इतकंच पुरतं.

खाली सही पेनाने करा आणि पत्र सचिवांच्या हातात पोचवा. बोलायची बंदी असेल तर घरचं कुणीतरी पाठवा.