ताट बरोबर, पण वरण पातळ : मुलांच्या जेवणाची आखणी करताना या चुका टाळा

मुलाच्या जेवणाचा हिशेब कॅलरीत न मांडता ताटावर मांडायचा, ही पद्धत सोपी आहे. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळं, पाव भाग धान्य म्हणजे पोळी, भाकरी किंवा भात, उरलेला पाव भाग डाळ, उसळ, अंडं, मासे, पनीर यांपैकी काहीतरी. बाजूला दही, ताक किंवा दूध आणि वरून थोडं तूप-तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार-मार्गदर्शनातलं ताटही साधारण असंच आहे. वजनकाटा नको, ॲप नको. तरीही घरोघरी ही पद्धत फसते, आणि फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

एका जेवणाचं ताट पाहणं

पहिली चूक म्हणजे प्रत्येक जेवणात ताटाचे सगळे भाग भरलेच पाहिजेत असा हट्ट. सकाळी सव्वासातला शाळेला निघणाऱ्या मुलाच्या नाश्त्यात अर्धं ताट भाजी कुठून येणार? ती येत नाही, मग दोन दिवसांत आई-बाबा पद्धतच सोडून देतात. ताट दिवसाचं धरायचं. रात्री एका कागदावर मोठं वर्तुळ काढा, त्याचे भाग पाडा आणि मुलानं दिवसभरात जे खरोखर खाल्लं ते त्या त्या भागात लिहा. वाढलेलं नाही, खाल्लेलं. कुठला भाग रिकामा राहिला ते लगेच दिसतं.

दुसरीत शिकणाऱ्या, सकाळच्या शाळेच्या एका मुलीचा नेहमीचा दिवस घेऊ. उठल्यावर कपभर दूध आणि दोन बिस्किटं. डब्यात पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी. दुपारी वरण-भात, तूप-लिंबू आणि बटाट्याच्या काचऱ्या, कारण काचऱ्या असल्या की ती कुरकुर न करता जेवते. पाच वाजता पोहे आणि पुन्हा कपभर दूध. रात्री पोळी आणि गवारीची भाजी, त्यातले दोन घास खाल्ले, बाकीची ताटात राहिली. ऐकायला दिवस चांगला वाटतो. भाजी तीनदा, वरण, दूध दोनदा, सगळं घरचं.

आता वर्तुळात लिहा. धान्याच्या पाव भागात बिस्किटं, पोळी, भात, पोहे आणि पुन्हा पोळी, म्हणजे तो भाग ओसंडून वाहतो. बटाटाही तिथेच जातो, कारण तो मुख्यतः पिष्ट आहे. ताटात त्याचं काम भातासारखंच चालतं. रताळी आणि साबुदाणाही त्याच भागातले. भाजीच्या अर्ध्या भागात उरले गवारीचे दोन घास. फळ एकही नाही. प्रथिनांच्या भागात वाटीभर वरण, पोह्यातले चार शेंगदाणे आणि बाजूला दोन कप दूध.

वाटी मोजणं, डाळ न मोजणं

त्या वाटीभर वरणापाशी थांबायला हवं, कारण मराठी घरातलं मुलाचं ताट सगळ्यात जास्त इथे फसतं. भातावर ओतायला सोपं जावं, मुलाला गिळायला सोपं जावं म्हणून वरण पातळ केलं जातं. पाहुणा आला की त्यात आणखी पाणी पडतं. ताटात वाटी दिसते, म्हणून प्रथिनांचा भाग भरला असं आपण धरतो.

हे तपासायला एक सोपा उपाय आहे. घोटलेलं वरण काचेच्या पेल्यात किंवा पारदर्शक वाटीत घ्या आणि न ढवळता दहा मिनिटं ठेवा. वर पिवळसर निवळ पाणी वेगळं झालं आणि डाळ खाली बसली, तर जितकं खाली बसलं तेवढीच डाळ मुलाला मिळते आहे. निवळ अर्ध्या वाटीपर्यंत आली असेल, तर ती अर्धी वाटी डाळ समजा. घट्ट वरणात थर पडत नाहीत, पळीतून ते धार न होता जाडसर पडतं.

कच्च्या तूरडाळीत शंभर ग्रॅममागे बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पंचवीस-तीस ग्रॅम डाळीची, म्हणजे लहान मुठीएवढ्या डाळीची, घट्ट वाटी साधारण एका अंड्याच्या बरोबरीची होते. तीच डाळ तिघांत पातळ करून वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो. उपाय म्हणजे मुलाचं वरण पाणी घालण्याआधी बाजूला काढायचं. खिचडीचंही तेच. चार वाट्या तांदळाला चिमूटभर मूगडाळ टाकली तर तो पिवळा भात झाला. दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घातली, तर ती ताटाचे दोन भाग भरते. थालीपीठ, पिठलं-भाकरी, धिरडी यांचाही असाच उलगडा करायचा : आत काय आणि किती गेलं, ते पाहून त्या त्या भागात मांडायचं.

तोच दिवस, थोडा हलवून

त्या मुलीसाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. सकाळचं दूध राहू द्या, बिस्किटांच्या जागी अर्धं केळं. डब्यातल्या पोळीत बटाट्याऐवजी कोरडी मुगाची किंवा मटकीची उसळ गुंडाळा, सोबत काकडीच्या चकत्या. उसळ ओली राहिली तर पोळी लिबलिबीत होते आणि डबा तसाच परत येतो, म्हणून पाणी आटेपर्यंत परता. दुपारी वरण घट्ट, भात तिच्या मुठीएवढा आणि दाण्याचं कूट घातलेली गाजराची किंवा बिटाची कोशिंबीर. काचऱ्या करायच्याच असतील तर तेवढा भात कमी वाढा. पाच वाजता पोहेच, पण मटार आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून, वर लिंबू पिळून, सोबत पेरूच्या फोडी. रात्री पोळी, कूट घातलेली गवार आणि संध्याकाळच्या दुधाऐवजी वाटीभर दही.

आता कागदावर पुन्हा लिहून पाहा. भाजी आणि फळं पाच वेळा थोडी थोडी आली, प्रथिनं तीन-चार ठिकाणी विभागली गेली, धान्य आपल्या भागात आलं. गवारीचे दोनच घास खाल्ले तरी दिवस रिकामा राहत नाही. रात्री नऊ वाजता भाजीवरून रडारड होण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं, की दिवसभराच्या भाजीचं ओझं त्या एकाच जेवणावर असतं.

लिंबू आणि पेरू उगाच घातलेले नाहीत. कडधान्यांतलं आणि भाज्यांतलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत होते. उलट जेवणाबरोबर चहा दिला तर त्यातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं. पोह्यांबरोबर दुधाळ का होईना, चहा पिणारी मुलं आपल्याकडे कमी नाहीत.

दुधानं ताट भरून काढणं

मूल जेवलं नाही की कपभर दूध, झोपण्याआधी दूध, सकाळी दूध. त्यातून काहीतरी पोटात गेलं एवढंच समाधान मिळतं. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि पोट मात्र छान भरतं. दही-ताक धरून दिवसाला दोन कप, फार तर अर्धा लिटर पुरे. दोन-तीन वर्षांचं मूल त्याहून जास्त दूध पीत असेल आणि जेवत नसेल, तर आधी दूध कमी करून पाहा. दोन-चार दिवस कुरकुर होईल, मग जेवणाच्या वेळी भूक दिसू लागेल.

मोठ्यांचं ताट, मोठ्यांचे भाग

बारा इंची ताटाचं क्षेत्रफळ आठ इंची ताटलीच्या दुपटीहून जास्त असतं. मोठ्या ताटात पाव भाग भात म्हणजे सहा वर्षांच्या मुलासाठी डोंगर. मुलाला सात-आठ इंची ताटली द्या आणि माप त्याच्याच हाताचं घ्या : भात त्याच्या मुठीएवढा, पनीर किंवा मासा त्याच्या तळव्याएवढा. हात वाढतो तसं माप वाढतं. संपवून पुन्हा मागितलं तर आनंदानं वाढा. काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अर्धं ताट भाजी हा नियम पाच वर्षांखालच्या किंवा वजनानं कमी असलेल्या मुलाला जसाच्या तसा लावू नका. काकडी, दुधी, पालक यांनी एवढंसं पोट पटकन भरतं आणि त्यातून ताकद कमी मिळते. अशा मुलाच्या ताटात भाजी तिसरा हिस्सा पुरे. भातावर तूप, भाजीत कूट, दह्यात केळं, आणि तीन जेवणांऐवजी पाच-सहा लहान वेळा. चार-पाच वर्षांपर्यंत शेंगदाणे कूट करूनच द्या, अख्खा दाणा घशात अडकू शकतो.

काही अडलं तर

जेवल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागत असेल, तर ताटात धान्यच जास्त आहे, डाळ आणि तूप कमी पडतंय. शौचाला खडा होत असेल, तर फळ-भाजीचा भाग आणि पाणी तपासा. जेवणाच्या वेळी भूकच नसेल, तर मधल्या वेळचं चरणं पाहा. फरसाण, बिस्किटं आणि पाकिटातला ज्यूस ताटात कुठेच लिहिले जात नाहीत, पण पोटात जागा घेतात. आणि एखादी भाजी मूल ढकलून देत असेल, तर तीच भाजी चमचाभर, आग्रह न करता, काही दिवसांच्या अंतरानं वाढत राहा. काही मुलांना दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर ती चाखावीशी वाटते. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ या सौद्यात मात्र चॉकलेटचाच भाव वाढतो.

दोन वर्षांखालच्या बाळाला ही पद्धत लागू नाही. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाला इन्सुलिनच्या मात्रेसाठी कर्बोदकं मोजावीच लागतात, तिथे नुसतं ताट पुरत नाही. किडनीचा आजार किंवा दुधाची, दाण्यांची, अंड्याची ॲलर्जी असेल, तर ताट डॉक्टरांबरोबर बसूनच ठरवायचं. बाकीच्या मुलांसाठी दर तीन ते सहा महिन्यांनी उंची-वजन घेऊन डॉक्टरांकडच्या वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. मुलाची रेघ स्वतःच्या मार्गानं वर जात असेल, तर ते शेजारच्या मुलाहून बारीक असलं तरी चालतं. रेघ सपाट झाली किंवा खाली वळली, तर आठवडाभराचे ताटाचे कागद बरोबर घेऊन डॉक्टरांना भेटा.