शून्यावरून हातचा: एका छोट्या कृतिसंशोधनाची पूर्ण मांडणी

कृतिसंशोधन हा शब्द रूढ केला कर्ट लेविन यांनी, १९४६ साली, आणि तोही समाजातल्या तंट्यांच्या संदर्भात. पुढे १९५०च्या दशकात स्टीफन कोरी यांनी तो शाळेत आणला. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातली अडचण स्वतः तपासावी, हा त्यांचा आग्रह होता. इतकी पार्श्वभूमी पुरे. नव्या शिक्षकाची गाडी अडते ती इतिहासापाशी नव्हे, पहिल्याच पानावर, प्रश्न लिहिताना.

बहुतेक अहवालांवरचा विषय असा असतो: ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांना गणितात येणाऱ्या अडचणींचा अभ्यास’. या ओळीत काय मोजायचं, कधी थांबायचं आणि उत्तर ‘नाही’ आलं तर ते ओळखायचं कसं, यातलं काहीच नाही. ‘वजाबाकी सुधारणे’ असं लिहिलं तरी फार फरक पडत नाही, कारण वजाबाकीत चुका एका जातीच्या नसतात. म्हणून प्रश्न लिहिण्याआधी मुलांच्या वह्या उघडायच्या. दोन दिवसांच्या वह्या पुरतात. बरोबर-चूक अशा खुणा बाजूला ठेवायच्या आणि चुकलेली उत्तरं जशीच्या तशी एका कागदावर उतरवून काढायची.

५०४ वजा २६८ हे उदाहरण घेऊ. बरोबर उत्तर २३६. चुकलेल्या वह्यांमध्ये ३६४ पुन्हा पुन्हा दिसतं. त्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो: आठातून चार, सहातून शून्य, पाचातून दोन. त्याने हातचा घेतलेलाच नाही. काही वह्यांमध्ये २४६ दिसतं. या मुलाने शतकातून हातचा घेतला, शून्याचे दहा केले, एककाला एक दशक दिलं, पण दहाचे नऊ करायचं राहिलं. आणखी काहींचं उत्तर ३३६ येतं. त्यांनी शून्यावर नऊ लिहिले, पण पाचाचे चार केले नाहीत. गुणपत्रिकेवर या तिघांनाही शून्यच गुण पडतात. शिकवायच्या दृष्टीने मात्र पहिलं मूल एका रोगाचं आणि उरलेली दोन दुसऱ्या रोगाची. इथे जो शिक्षक नुसते गुण मोजतो, त्याच्या हातात पुढे काहीच लागत नाही.

आता प्रश्न असा लिहिता येतो: ‘दशकस्थानी शून्य असलेल्या तीन अंकी वजाबाकीत, दहा दिवस गठ्ठे सोडवून आणि प्रत्येक पायरी तोंडाने बोलून सराव घेतला, तर किती मुलांना ती जमू लागते, आणि कोणत्या प्रकारची चूक कमी होते?’ वाक्य लांब आहे, पण कोणत्या मुलांसोबत, काय, किती दिवस आणि कशावरून ठरवायचं हे सगळं त्यात आलं. ‘जमते’ म्हणजे काय, तेही आधीच ठरवून तारखेसह लिहून ठेवायचं: शून्याच्या तीन उदाहरणांपैकी किमान दोन बरोबर. निकाल पाहून नंतर ठरवलेली सीमारेषा नेहमी आपल्याच सोयीने सरकते.

चाचणीचा कागद दहा उदाहरणांचा पुरे, वेळ पंचवीस मिनिटं. दोन उदाहरणं बिनहातच्याची, तीन एकदाच हातचा घ्यायची, तीन शून्यावरून हातचा घ्यायची. उरलेली दोन भागाकाराची, आणि हीच बहुतेकांना अनावश्यक वाटतात. या काळात भागाकार मुद्दाम शिकवायचा नाही. वजाबाकी वाढली आणि भागाकार जागेवरच राहिला, तर वाढ सरावातून आली असावी असं म्हणायला थोडा आधार मिळतो. दोन्ही सारखेच वाढले, तर मुलं एकूणच सरावली असतील किंवा दुसरा कागद मोकळ्या वेळेत घेतला गेला असेल. तुलनेसाठी दुसरा वर्ग प्रत्येकाला मिळत नाही. त्याची उणीव ही दोन उदाहरणं काही अंशी भरून काढतात.

शून्याची उदाहरणं रचताना वरच्या संख्येचा एकक खालच्यापेक्षा लहान हवा आणि खालच्या संख्येच्या दशकात शून्य नको. नाहीतर मुलाची वाट उत्तरावरून ओळखता येत नाही. ६०२ वजा ३४७ चालेल: बरोबर उत्तर २५५, आणि त्या तीन चुकांची उत्तरं अनुक्रमे ३४५, २६५ आणि ३५५. दुसऱ्या चाचणीला तोच कागद देऊ नये, मुलांना उत्तरं आठवतात. सोपे आकडेही घालू नयेत. घडण तीच ठेवून अंक तेवढे बदलायचे.

सराव सुरू करण्याआधी चाचणी दोनदा घ्यायची, मध्ये एक आठवडा सोडून. एकाच चाचणीत कमी पडलेली मुलं निवडली, तर त्यातली काही पुढच्या वेळी आपोआप वर येतात, कारण त्या एका दिवशी ती थकलेली किंवा घाबरलेली असतात. त्या चढाचं श्रेय सरावाला देणं ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक.

सराव रोज तासाच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं. काड्यांचे शंभराचे गठ्ठे, प्रत्येकात दहा-दहाच्या दहा जुड्या. ५०४ म्हणजे पाच मोठे गठ्ठे आणि चार सुट्या काड्या, मधली जागा रिकामी. मूल एक गठ्ठा सोडतं आणि म्हणतं, ‘चार शतक, दहा दशक, चार एकक.’ मग एक जुडी सोडतं: ‘चार शतक, नऊ दशक, चौदा एकक.’ दर वेळी हात थांबतो, तोंड बोलतं आणि मगच पेन्सिल पाचावर रेघ मारून वर चार लिहिते. हा क्रम मोडला आणि मुलांनी आधी लिहून मग काड्या हलवल्या, तर काड्या नुसती शोभा होतात. फेरी मारताना पाहायचं ते एवढंच. या दहा दिवसांत दुसरं काही नवीन सुरू करू नये: जादा गृहपाठ नको, बक्षीस नको, बसण्याची नवी जागा नको.

रोजची नोंद पाच ओळींपेक्षा मोठी नको, नाहीतर चौथ्या दिवशी ती बंद पडते. तारीख, हजर मुलं, किती मिनिटं खरोखर मिळाली, कुठे अडलं आणि एखाद्या मुलाचं नेमकं वाक्य, त्याच्याच शब्दांत. ‘मुलांना मजा आली’ ही नोंद नव्हे. ‘शून्यातून कसं घेणार, तिथे काहीच नाही’ ही नोंद आहे. कागद तपासताना दहा कागद सहकाऱ्याकडूनही तपासून घ्यावेत आणि चुकीचे प्रकार जुळतात का ते पाहावं. तीन-चार ठिकाणी मतभेद झाला, तर प्रकारांची व्याख्याच ढिली आहे असं समजावं.

आता समजा वर्गाच्या पटावर ३४ मुलं आहेत आणि सरावाआधीच्या दोन व नंतरची एक अशा तिन्ही चाचण्यांना हजर राहिली २९. उरलेल्या पाचांचे आकडे मोजणीत घ्यायचे नाहीत, पण ती पाच होती हे अहवालात लिहायचंच. गैरहजर राहणारं मूल अनेकदा अडचणीतलंच असतं, त्याला गाळलं की सरासरी आपोआप सुंदर दिसते.

पहिल्या चाचणीत २९ पैकी ८ मुलांना शून्याची वजाबाकी जमली, आठवड्याने ९ जणांना, सरावानंतर १९ जणांना. भागाकार दुसऱ्या चाचणीत १२ जणांना जमत होता, नंतर १३ जणांना. इथेच थांबून ‘दुपटीहून अधिक सुधारणा’ असं शीर्षक देण्याचा मोह होतो. पण आधी जमत नव्हतं ती २० मुलं चुकीच्या प्रकाराप्रमाणे वेगळी करून पाहा. मोठ्यातून लहान वजा करणारी ९ होती, त्यातली फक्त २ वर आली. शून्यापाशी अडणारी ७ होती, त्यातली ६ वर आली. ज्यांची चूक एका प्रकारात बसत नव्हती अशा ४ पैकी ३ वर आली. हे अकरा झाले. आणि आधी जमणारं एक मूल नंतर घसरलं, म्हणून ९ मध्ये ११ मिळवून २० न होता आकडा १९ आला.

खरा निष्कर्ष हा आहे: गठ्ठ्यांचा सराव शून्यापाशी अडणाऱ्यांना उपयोगी पडलेला दिसतो, मोठ्यातून लहान वजा करणाऱ्यांना जवळजवळ नाही. एकूण आकड्यात हे पूर्ण झाकलं जातं. दुसऱ्या गटाची अडचण शून्याची नाहीच, वरच्या संख्येतून खालची काढायची असते हेच त्यांच्या मनात पक्कं नाही.

सहकाऱ्यांसमोर मांडायला एक पान आणि दहा मिनिटं पुरतात. प्रश्न, काय केलं, किती मुलं, आकडे, काय जमलं नाही आणि आपल्याला कशाची खात्री नाही, या क्रमाने. टक्के टाळावेत. २९ मुलांत एक मूल म्हणजे सुमारे साडेतीन टक्के, त्यामुळे ‘६५.५ टक्के’ हा आकडा नसलेली अचूकता दाखवतो. ‘२९ पैकी १९’ म्हणणं प्रामाणिक. ‘या पद्धतीमुळे सुधारणा झाली’ असं न लिहिता ‘ही पद्धत वापरली त्या दहा दिवसांत इतक्या मुलांना जमू लागलं, भागाकारात तसा बदल दिसला नाही’ असं लिहावं. सुट्टी आली, दोन दिवस तास बुडाला, आपणच शिकवलं आणि आपणच तपासलं, हे मर्यादेत येऊ द्यावं. घसरलेल्या त्या एका मुलाचा उल्लेख तर वगळूच नये. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसतो तो याच ओळीमुळे.

मुलांची नावं लिहू नयेत, हे सगळे जाणतात. पण छोट्या शाळेत ‘सतत गैरहजर राहणारी एक मुलगी’ एवढ्यानेही ती कोण ते कळतं, तेव्हा असे तपशील वगळावेत. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांना कल्पना, दोन्ही आधी. आणि ‘मागच्या इयत्तेत पाया कच्चा राहिला’ हे वाक्य कितीही सुचलं तरी लिहू नये. त्याचा पुरावा गोळा केलेला नसतो, आणि मागच्या इयत्तेला शिकवणारे समोरच बसलेले असतात.

चर्चेत कोणीतरी विचारेल, ‘हे टिकलं का?’ त्यासाठी तीन आठवड्यांनी तसाच चौथा कागद घ्यायचा. मधल्या काळात शून्याची उदाहरणं द्यायची नाहीत. १९ पैकी किती मुलं तशीच राहिली ते त्या पानावर खाली हाताने लिहून पुन्हा वाटायचं. आणि मोठ्यातून लहान वजा करणारी ती उरलेली सात मुलं घेऊन पुढचा प्रश्न लिहायचा. त्यांच्यासाठी आधी काड्या नकोत. ५२ वजा २७ समोर ठेवून ‘किती होते, किती काढायचे, उरतील ते ५२ पेक्षा कमी की जास्त?’ एवढंच विचारावं आणि मूल कोणत्या अंकाकडे बोट दाखवतं ते पाहावं.