भांडवलाचा खर्च कुठे चढतो? ब्रेकपॉइंट काढताना या चुका टाळा

प्रकल्प निवडताना भांडवलाचा एकच सरासरी दर घेऊन सगळ्यांना त्याच मापाने मोजण्याची सवय बहुतेकांना असते. निधी थोडा असेल तर त्यात फारसं बिघडत नाही. रक्कम वाढली की मात्र स्वस्त पैसा संपतो आणि पुढचा प्रत्येक रुपया महाग पडतो. हा चढ एकूण निधीच्या ज्या रकमेवर येतो तो ब्रेकपॉइंट. तो चुकला की चांगला प्रकल्प हातचा जातो किंवा तोट्याचा गळ्यात पडतो.

एक उदाहरण घेऊ. कंपनीला भांडवलात 40% कर्ज आणि 60% समभाग हे प्रमाण टिकवायचं आहे. नफा 10 कोटी, त्यातला 4 कोटी लाभांश म्हणून जाणार, म्हणजे राखीव नफा 6 कोटी. त्याचा खर्च 14%. तो संपला की नवे शेअर काढावे लागतात. इश्यूच्या खर्चामुळे ते 16% ला पडतात. कर्ज 6 कोटींपर्यंत 8% ने आणि त्यापुढे 10% ने मिळतं. कर 25% धरला तर करानंतर हे दर 6% आणि 7.5% होतात. व्याजावरची करबचत वजा न करता थेट 8% धरणं ही पहिली चूक. ती पायरीच्या जागा हलवत नाही, पण सगळ्याच पायऱ्या विनाकारण उंच करते.

सगळ्यात जास्त घोळ ब्रेकपॉइंटमध्ये होतो. राखीव नफा 6 कोटी आहे, म्हणून खर्च 6 कोटींवर वाढतो असं धरलं जातं. पण एकूण निधीतला 60% भागच समभागातून येतो, उरलेला 40% कर्जातून. त्यामुळे 6 कोटी राखीव नफा एकूण 10 कोटी उभे होईपर्यंत पुरतो. सूत्र साधं आहे:

ब्रेकपॉइंट = स्वस्त निधीची रक्कम ÷ भांडवलातला त्याचा वाटा

राखीव नफ्यासाठी 6 ÷ 0.60 = 10 कोटी, कर्जासाठी 6 ÷ 0.40 = 15 कोटी. तीन पट्टे तयार झाले: 10 कोटींपर्यंत 10.8%, 10 ते 15 कोटींमध्ये 12%, त्यापुढे 12.6%. वाढीव दर फक्त त्या पट्ट्यातल्या पैशाला लागतो, आधीच्या 10 कोटींचा खर्च 10.8% च राहतो. इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखंच हे आहे.

आता प्रकल्प. आयआरआर म्हणजे प्रकल्पाचा स्वतःचा वार्षिक परतावा दर, त्याच्या उतरत्या क्रमाने: अ 4 कोटी (15%), ब 5 कोटी (13.2%), क 4 कोटी (11.8%), ड 3 कोटी (11.4%). हा क्रम मोडला तर स्वस्त पैसा कमी परताव्याच्या कामात अडकतो आणि सगळी तुलनाच निरर्थक होते.

अ आणि ब मिळून 9 कोटी, दोन्ही पहिल्याच पट्ट्यात बसतात. खरी परीक्षा क ची. त्याचा 1 कोटी 10.8% च्या पट्ट्यात, 3 कोटी 12% च्या पट्ट्यात. सरासरी खर्च (1 × 10.8 + 3 × 12) ÷ 4 = 11.7%, परतावा 11.8%. प्रकल्प तोडता येत नसेल तर तो घ्यावा, फायदा अगदी निसटता आहे हे लक्षात ठेवून. तोडता येत असेल तर पहिला 1 कोटीच घालावा, कारण पुढचा प्रत्येक कोटी 12% ला पडून 11.8% च देतो. हा प्रश्न न विचारताच 'आयआरआर 12% च्या खाली, नापास' असं लिहून मोकळं होणं मला फार खटकतं. ब्रेकपॉइंट चुकून 6 कोटींवर धरला असता तर क चे चारही कोटी 12% च्या पट्ट्यात गेले असते आणि तो हमखास बाद झाला असता.

ड 13 ते 16 कोटींमध्ये येतो: 2 कोटी 12% ने, 1 कोटी 12.6% ने, सरासरी 12.2%. परतावा 11.4%, तेव्हा नको. क ऐवजी ड घेऊन पाहिला तरी खर्च 11.6% पडतो, म्हणजे तोही मार्ग बंद.

हाच ड आत शिरतो तो आणखी एका चुकीने. लाभांश वजा करायचा राहून 10 कोटींचा सगळा नफा राखीव धरला, तर पहिला ब्रेकपॉइंट 16.67 कोटींवर सरकतो. मग ड चे 2 कोटी 10.8% ने आणि शेवटचा 1 कोटी, महाग कर्जामुळे, 11.4% ने मिळतो. सरासरी 11%. कागदावर तो पास, प्रत्यक्षात तोटा. म्हणून प्रकल्प मंजूर करण्याआधी राखीव नफ्याचा आकडा लाभांशाच्या ठरावाशी ताडून पाहा. आणि ड चा धोका कंपनीच्या नेहमीच्या कामापेक्षा बराच कमी-जास्त असेल, तर त्याला हे पट्टे जसेच्या तसे लावू नका. हे दर कंपनीच्या सरासरी धोक्याचे आहेत.