भूत नाही, ओवा नाही: रात्री मण्यार चावल्यावर या चुका टाळा

जुलैमधली भातलावणी. दिवसभर चिखलात वाकलेला मजूर शेतघराच्या पडवीत जमिनीवर गोणपाट टाकून झोपलाय. कोकणात अशा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो तो बहुतेकदा मण्यार, म्हणजे आपल्याकडचा कांडर. त्याचे दात बारीक असतात. चावलेली जागा सुजत नाही, फारशी दुखतही नाही. म्हणून पुढच्या सगळ्या चुका होतात. अशा रुग्णाची रात्र साधारण कशी जाते ते बघू.

दीडच्या सुमारास तो दचकून जागा होतो. हाताला काहीतरी डसल्यासारखं वाटतं, मुंगी असेल म्हणून खाजवून परत झोपतो. पावणेतीनला पोटात जोराची कळ येते, एक उलटी होते. घरात लगेच निदान ठरतं, रात्रीचं जेवण बाधलं. मग ओवा, सोडा, गरम पाणी. पहिली आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस मध्यरात्री पोट धरून उठला, घसा दुखतो म्हणाला, तर दाताची खूण दिसो वा न दिसो, साप चावलाय असंच धरा. घड्याळात वेळ बघून ठेवा आणि १०८ ला फोन लावा. तोंडाने काही देऊ नका, कारण थोड्या वेळाने गिळणं जाऊ शकतं आणि पाणी श्वासनलिकेत उतरतं.

चारच्या सुमारास डोळ्यांच्या पापण्या खाली येतात. बाकीचे म्हणतात, झोपू द्या त्याला, दमलाय. ही झोप नसते. त्याला जागं करून वर छताकडे बघायला सांगा. पापण्या पुन्हापुन्हा मिटत असतील, जीभ पूर्ण बाहेर येत नसेल, बोलणं नाकात येत असेल, मान उचलता येत नसेल, तर विष नसांवर चढलंय. एका श्वासात मोजायला लावा: आधी वीसपर्यंत मोजणारा आता आठ-दहावर थांबतो, तेव्हा श्वासाचे स्नायू दमत चाललेत.

या वेळी गावात दोन गोष्टी ठरून होतात. एक, दंडाला करकचून दोरी. त्याने विष थांबत नाही, हात मात्र काळानिळा पडतो. आधीच कुणी बांधली असेल तर वाटेत झटकन सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडायची. दुसरं म्हणजे मांत्रिकाकडे फेरी. मंत्राने उतरला असं वाटतं त्या वेळी बहुधा सापाने विष सोडलेलंच नसतं. त्यात गेलेला तास मात्र परत येत नाही. चिरा मारणं, चोखणं, सापाला शोधत काठ्या घेऊन फिरणं, हेही नको. औषधासाठी मेलेला साप लागत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते.

करायचं एवढंच: अंगठी, कडं, घट्ट बाही काढा. मोडलेल्या हातासारखा तो हात फळीला सैल बांधा आणि माणसाला चालू देऊ नका. जीप असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येते. मोटारसायकलशिवाय इलाज नसेल तर त्याला मध्ये बसवा, मागच्याने घट्ट धरावं आणि मान पुढे लोंबू देऊ नये. लोंबली की श्वासाची वाट बंद होते.

निघतानाच आरोग्य केंद्रात फोन करून दोन प्रश्न विचारा: लस आहे का, श्वास देण्याची सोय आहे का? लस जवळच्या ठिकाणी आधी घ्यायची. सुरुवात साधारण दहा बाटल्यांपासून, सलाईनमधून होते. मग व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात. मण्यारचं विष नसांची टोकंच खराब करतं, म्हणून आलेला लकवा लसीने लगेच उलटत नाही. लस फिरत्या विषाला अडवते, बाकी काम कृत्रिम श्वास करतो, कधी कित्येक दिवस.

वाटेत श्वास थांबला तर गाडी मागे वळवू नका. हनुवटी वर उचला, नाक दाबा आणि छाती उचलेल इतका श्वास दर पाच-सहा सेकंदांनी तोंडाने देत राहा. नाडी लागत नसेल तर छातीही दाबायला घ्या. या रुग्णाच्या पापण्या हलत नाहीत, बाहुल्या उजेडालाही हलत नाहीत, हातपाय ढिले पडतात. बघणाऱ्याला तो गेलाच वाटतो. पण हृदय चालू असतं, आणि पुष्कळदा शुद्धही. असे रुग्ण बरे होऊन पुन्हा शेतावर जातात. म्हणून गाडीत त्याच्यासमोर ‘संपला’ असं कुणी म्हणू नये. त्याला ऐकू येत असतं.

आणि कुणाला लक्षणं नसतील तरी २४ तास दवाखान्यातच ठेवा. मण्यारची लक्षणं काही तास उशिरा सुरू होऊ शकतात.